एकाच लिंकवर दोन टीसीपी प्रवाह: जवळचाच दर वेळी का जिंकतो?

सह्यकडा

ऑफिसची ५० एमबीपीएसची लाइन आहे, हेडर वगैरे वजा जाता ४८ च्या आसपास हाती येतात. रात्री दोन अपलोड एकदम चालू होतात. एक मुंबईच्या डेटा सेंटरला, आरटीटी २० मिलिसेकंद. दुसरा अमेरिकेत व्हर्जिनियाला, आरटीटी २०० च्या घरात. एकेकटे चालवले तर दोन्ही अपलोड लाइन पूर्ण भरतात, म्हणजे पलीकडचे सर्व्हर किंवा मधला रस्ता मंद आहे असं म्हणता येत नाही. एकत्र चालवले की मुंबई ४३-४४ घेऊन जातं आणि व्हर्जिनियाला चार-साडेचार उरतात.

दोन्ही मशिनं लिनक्स, सेटिंग जशी आली तशीच. सेवा देणाऱ्या कंपनीचं म्हणणं, लाइनमध्ये दोष नाही. मलाही तसंच वाटतं. पण टीसीपी न्याय्य वाटप करतं असं कॉलेजात शिकवलं होतं, ते या आकड्यांत कुठे बसतं? आणि यावर उपाय आहे की हे असंच चालायचं?

चिंतातुर

रुमाल टाकून ठेवतो.

वेताळ२

सोपं आहे. पंगतीत जो वाढप्याच्या जवळ बसतो त्याच्या पानात जिलबी आधी पडते. अंतर जास्त, वेग कमी. यात टीसीपीचा काय दोष?

अनुराधा_प

वेताळ, मग एकटं चालवल्यावर व्हर्जिनियाला पूर्ण ४८ कसे मिळतात? अंतर तेव्हाही तेवढंच असतं. अंतरामुळे वेग आपोआप कमी होत नाही. विंडो पुरेशी मोठी झाली की २०० मिलिसेकंदांवरही लाइन भरते. दोघं एका रांगेत आले की काय होतं, हा इथला प्रश्न आहे.

गणपुले_नेट

माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. पुण्याहून सिंगापूरला बॅकअप जायचा, कितीही जाडी लाइन घेतली तरी एका आकड्यापलीकडे वेग जाईना. शेवटी `tcp_wmem` वाढवला आणि प्रश्न मिटला. सह्यकडा, तेच करून बघा.

पाकीटमार

गणपुले, तुमचा आजार वेगळा. तुमचा प्रवाह एकटा असतानाही अडत होता, यांचा अडत नाही. बफर अपुरा असेल तर विंडोला छत लागतं आणि लाइन रिकामी असली तरी वेग वाढत नाही. विंडो स्केलिंग नसलेलं जुनं उपकरण मध्ये असेल तर ६४ केबीचं छत, म्हणजे २०० मिलिसेकंदांवर फार तर २.६ एमबीपीएस. इथे छत नाही, इथे वाटणी आहे.

कुठला आजार आहे हे ओळखायला पाठवणाऱ्या मशिनवर हे बघा:

```
ss -tin dst <पलीकडचा आयपी>
```

त्यात `rwnd_limited` किंवा `sndbuf_limited` मोठ्या टक्क्यांनी दिसलं तर गणपुलेंचा आजार. ते दिसत नसेल, `retrans` हळूहळू वाढत असेल आणि `cwnd` करवतीच्या दात्यांसारखा चढ-उतार करत असेल, तर गर्दीचा आजार. शिवाय `rtt` आणि `minrtt` यांतला फरक बघून ठेवा, पुढे लागेल. रांगेत किती वेळ जातोय ते त्या फरकावरून कळतं.

सह्यकडा

बघितलं. `rwnd_limited`, `sndbuf_limited` दोन्ही प्रवाहांत दिसतच नाहीत. `retrans` दोन्हींत वाढतोय. `rtt` आणि `minrtt` मध्ये आठ-दहा मिलिसेकंदांचा फरक, दोन्हींत सारखाच.

पाकीटमार

म्हणजे अडथळा दोघांचा एकच आहे, आणि त्याची रांग लहान आहे, दहाएक मिलिसेकंदांची. आता हिशेब करू. सोपं जावं म्हणून क्यूबिक बाजूला ठेवून जुना रेनो धरतो. पाकीट १५०० बाइटचं, ४८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला बरोबर ४००० पाकिटं.

रेनोचा नियम: दर आरटीटीला विंडो एका पाकिटाने वाढव, पाकीट हरवलं की निम्मी कर. यात आरटीटी दोनदा येतो आणि सगळी गोम तिथेच आहे. एकदा वाढीच्या गतीत: मुंबईचा प्रवाह एका सेकंदात ५० वेळा विंडो वाढवतो, व्हर्जिनियाचा ५ वेळा. दुसऱ्यांदा विंडोचा वेग होताना: विंडो सारखी असली तरी मुंबईवाला ती २० मिलिसेकंदांत एकदा रिकामी करतो, व्हर्जिनियावाला २०० मध्ये एकदा. दहा गुणिले दहा.

आता समजा रांग भरली की दोघांचीही पाकिटं पडतात आणि दोघंही एकाच वेळी निम्मे होतात. दोन पडझडींमधला काळ T धरा. तेवढ्या वेळात विंडो जितकी वाढली तितकीच पडझडीत गेली पाहिजे, नाहीतर गाडी स्थिर राहणार नाही. म्हणून शिखरावरची विंडो 2T/RTT आणि शिखरावरचा वेग 2T/RTT². दोघांच्या वेगांचं गुणोत्तर १०० ला १. सेकंदाच्या ४००० पाकिटांपैकी मुंबई ३९६० नेणार, व्हर्जिनिया ४०.

पडताळा बघा. मुंबईची शिखरावरची विंडो ३९६० × ०.०२ म्हणजे ७९ पाकिटं, त्यावरून T येतो ०.७९ सेकंद. तेवढ्यात व्हर्जिनियाच्या जेमतेम चार आरटीटी होतात, त्याची विंडो चारवरून आठवर चढते न चढते तोच परत निम्मी. त्याला डोकं वर काढायला वेळच मिळत नाही. त्याची पडझड त्याच्या घड्याळाने होत नाही, मुंबईवाल्याच्या घड्याळाने होते.

चिंतातुर

पाकीटमार हे आयडी आत्ता कळलं. :D

निशाचर_मिरज

हिशेब पटला, पण सह्यकडांना चार-साडेचार मिळताहेत. तुमच्या हिशेबाने व्हर्जिनियाला अर्धा एमबीपीएससुद्धा मिळायला नको. एक तर गणित चुकतंय किंवा गृहीतक.

पाकीटमार

गृहीतक. मुद्दाम टोकाचं घेतलं होतं. वाटेतल्या ८७ पाकिटांपैकी ८ व्हर्जिनियाची, तर दर ओसंडण्याला त्याचंच पाकीट पडेल असं कशावरून? बऱ्याच वेळा फक्त मुंबईवाल्याला फटका बसतो.

म्हणून दुसरं टोक घ्या: प्रत्येक पाकीट पडायची शक्यता सारखीच, p. मग १९९७ साली मॅथिस आणि मंडळींनी मांडलेलं सूत्र लागू पडतं:

```
rate ≈ 1.22 × MSS / (RTT × √p)
```

p दोघांना सारखी, तर विंडो दोघांची सारखी आणि वेग आरटीटीच्या व्यस्त प्रमाणात. इथे १० ला १, म्हणजे मुंबई ४३.६ आणि व्हर्जिनिया ४.४. सह्यकडांचा आकडा जवळजवळ हाच आहे. प्रत्यक्षात उत्तर या दोन टोकांच्या मध्ये पडतं, आरटीटीचा घात १ आणि २ यांच्या दरम्यान. लक्ष्मण आणि माधव यांनीही १९९७ मध्येच हे दाखवलं होतं.

अनुराधा_प

कॉलेजातल्या ‘न्याय्य’बद्दल. तिथे चिऊ आणि जैन यांची १९८९ ची आकृती दाखवतात: दोन अक्ष, ४५ अंशांची रेषा, वाढताना बेरीज आणि घटताना गुणाकार केला की बिंदू त्या रेषेकडे सरकत जातो. सिद्धता बरोबरच आहे. पण त्या आकृतीत दोघं एकाच ठोक्याला, एकाच मापाने वाढतात. ठोके वेगवेगळे असले की बिंदू ज्या रेषेकडे सरकतो ती ४५ अंशांची राहत नाही. शिकवताना ही अट सहसा गाळली जाते.

वेताळ२

पण हे सगळं रेनोचं पुराण. लिनक्समध्ये २००६ पासून क्यूबिक आहे. क्यूबिकची वाढ आरटीटीवर नाही, शेवटच्या पडझडीपासून किती वेळ गेला त्यावर ठरते. म्हणजे आरटीटीचा संबंधच संपला. मग सह्यकडांना निम्मं-निम्मं मिळायला हवं होतं. मला तरी दुसरंच काही बिघडलेलं वाटतं.

पाकीटमार

अर्धं बरोबर आहे. वाढीतला आरटीटी गेला, भागाकारातला राहिला. दोन क्यूबिक प्रवाह एकाच वेळी पडले तर त्यांच्या विंडो सारख्या होतात, वेग नाही. विंडो भागिले आरटीटी करावंच लागतं, म्हणजे परत १० ला १. क्यूबिकचा दावाही तेवढाच आहे: वर्गातलं प्रमाण साध्या प्रमाणावर आणणं. समान वेगाचं वचन त्याने कधी दिलंच नाही.

दुसरं म्हणजे, क्यूबिक इथे क्यूबिकसारखं वागतच नाही. त्याच्या आत एक कलम आहे: याच जागी रेनो असता तर त्याची विंडो जास्त झाली असती का, असली तर तीच घे. मुंबईच्या प्रवाहाचा हिशेब करा. शिखर ७९ पाकिटं, पडझडीनंतर ७० टक्क्यांवर येतो. क्यूबिकच्या वक्राने परत शिखरावर यायला लागणारा वेळ:

```
K = ∛(79 × 0.3 / 0.4) ≈ 3.9 s
```

त्या रेनोछाप कलमाने दर आरटीटीला ०.५३ पाकीट वाढतं, म्हणजे २४ पाकिटं भरून काढायला ४५ आरटीटी, ०.९ सेकंद. ०.९ आणि ३.९ मध्ये रेनो कलमच जिंकतं. २० मिलिसेकंदांवर क्यूबिकचा खरा वक्र लागू व्हायला विंडो ७०० पाकिटांच्या वर जावी लागते, म्हणजे ४०० एमबीपीएसच्या पुढे. ५० च्या लाइनवर जवळचा प्रवाह नावाने क्यूबिक आणि वागण्याने रेनोच राहतो. व्हर्जिनियावाल्याला क्यूबिकचा फायदा पंचविसेक पाकिटांपासून मिळू लागतो, पण समोरचा त्याला सेकंदा-सेकंदाला पाडत असेल तर तो फायदा घ्यायला सवड कुठे आहे?

वेताळ२

ठीक. पण गिगाबिट लाइनवर माझं म्हणणं जास्त लागू होईल.

पाकीटमार

वर्ग जाण्यापुरतं, हो.

कोकण_राउटर

एक उलटी गंमत. याच लाइनवर रांग मोठी असती तर वाटणी जास्त समान झाली असती.

आरटीटी म्हणजे केबलमधला वेळ अधिक रांगेतला वेळ. राउटरमध्ये ८०० पाकिटांची रांग असेल तर ती भरल्यावर दोघांनाही २०० मिलिसेकंदांची भर पडते. मग लढत २० विरुद्ध २०० अशी राहत नाही, २२० विरुद्ध ४०० अशी होते. गुणोत्तर १.८, वर्ग केला तरी ३.३. म्हणजे ज्या फुगलेल्या बफरला आपण व्हिडिओ कॉल बिघडवतो म्हणून शिव्या घालतो, तोच लांबच्या प्रवाहाला हात देतो.

त्यामुळे बफर कापला, किंवा एकाच रांगेवर `codel` किंवा `pie` लावला की विलंब सुधारतो आणि वाटणी बिघडते. नंतर तक्रार येते की नवीन राउटर आल्यापासून अमेरिकेचं अपलोड मेलं. राउटर बरोबरच काम करत असतो.

निशाचर_मिरज

हा मुद्दा कधी वाचला नव्हता. सह्यकडांच्या `rtt` आणि `minrtt` मधला दहाचा फरक म्हणून विचारला होता तर.

रमा_डोंबिवली

बीबीआर लावा की दोन्हीकडे. पाकीट हरवण्यावर चालतच नाही ते.

पाकीटमार

बीबीआरच्या पहिल्या आवृत्तीत अन्याय उलटा होतो, लांबचा जिंकतो. बफर मोठा असेल तर फारच.

कारण बघा. बीबीआर स्वतःला मिळालेला वेग गुणिले स्वतःचा किमान आरटीटी एवढा माल ‘रस्त्यात मावतो’ असं मानतं आणि त्याच्या दुपटीपर्यंत माल वाटेत ठेवायची मुभा घेतं. समजा सुरुवातीला निम्मं-निम्मं आहे, २४ आणि २४. मुंबईवाल्याच्या रस्त्यात ४० पाकिटं मावतात, व्हर्जिनियावाल्याच्या ४००. दोघांनी दुप्पट माल सोडला तर जादा माल रांगेत साचतो: ४० एकाची, ४०० दुसऱ्याची. सामाईक रांगेत ज्याचा माल जास्त, बाहेर पडतानाही त्याचाच वाटा जास्त. मग व्हर्जिनियावाला वेग मोजतो, तो आधीपेक्षा मोठा येतो, तो आपली मुभा आणखी वाढवतो. मुंबईवाला तितकाच आकसतो.

पुढच्या आवृत्त्यांत हे कमी केलंय, पूर्ण गेलेलं नाही. आणि लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये `bbr` नावाने जे येतं ते पहिल्या आवृत्तीचंच आहे. शिवाय सह्यकडांच्या इथे रांग दहा मिलिसेकंदांची, म्हणजे ४० पाकिटांची. एवढ्याशा रांगेत बीबीआर मुभेपर्यंत पोचायच्या आधीच पाकिटं सांडतील आणि त्याला त्याचं फारसं वाटणारही नाही. त्या लाइनवरच्या इतरांना वाटेल.

आजोबा_१९८६

मग वाढीचा नियमच बदला ना. दर आरटीटीला एक पाकीट वाढवण्याऐवजी आरटीटीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवा, दोन्ही ठिकाणचा आरटीटी कटून जाईल. सॅली फ्लॉइड यांनी १९९१ मध्येच हे सुचवलं होतं.

कोकण_राउटर

लिनक्समध्ये असं एक मोड्यूल आहेच: `tcp_hybla`, उपग्रहाच्या लिंकसाठी केलेलं. ते २५ मिलिसेकंदांचा एक आदर्श आरटीटी धरतं आणि तुमचा आरटीटी त्याच्या किती पट आहे ते काढून त्या पटीच्या वर्गाने विंडो वाढवतं. २०० मिलिसेकंदांवर पट ८, वर्ग ६४. दर आरटीटीला एकऐवजी ६४ पाकिटं.

आता ४० पाकिटांची रांग आठवा. एका फेरीत ६४ वाढवल्यावर एक-दोन नाही, पाकिटांचा थवाच पडतो. लांबच्या प्रवाहाला आपण जास्त माल टाकलाय हे कळायला २०० मिलिसेकंद लागतात आणि तोवर तो टाकतच राहतो. बातमी उशिरा येत असेल तर चाल सावध ठेवावी लागते, म्हणून लांबच्या प्रवाहाची हळू वाढ ही सगळीच चूक नाही. नाही म्हणायला `sch_fq` लावून पाकिटं अंतराने सोडली तर काही प्रमाणात निभतं. पण ज्या लाइनवर दुसऱ्यांचीही रहदारी आहे तिथे हायब्ला लावू नये असं माझं मत.

आजोबा_१९८६

मत मान्य नाही. ६४ हा आकडा टोकाचा झाला. आदर्श आरटीटी २५ ऐवजी ७५ ठेवला तर पट २.७ आणि वर्ग सात. मोड्यूलचं `rtt0` हे पॅरामीटर त्यासाठीच दिलंय.

कोकण_राउटर

मग न्यायही तितकाच कमी झाला. २० मिलिसेकंदवाला रेनोसारखाच वाढत राहणार, कारण आदर्शापेक्षा छोट्या आरटीटीला हायब्ला खाली खेचत नाही. असो, यावर आपलं जमणार नाही.

गणपुले_नेट

मला कळत नाही, एवढं सगळं करण्यापेक्षा व्हर्जिनियाचं अपलोड दहा कनेक्शननी करा. दहा प्रवाह, प्रत्येकाला ४.४ च्या आसपास हिस्सा. झालं.

अनुराधा_प

हे चालतं, हे कबूल करावं लागेल. हिस्सा मात्र ४.४ नाही राहणार. १० आणि १० एकत्र आले की गुणोत्तर १ ला १, म्हणजे दहाही मिळून २४. बरेच डाउनलोड मॅनेजर आणि क्लाउडला फाइल चढवणारी साधनं तुकडे करून हेच करतात, ब्राउझर जुन्या एचटीटीपीवर एका सर्व्हरला सहा कनेक्शन उघडतात तेही त्यातलंच.

आणि इथेच ‘प्रवाहामागे समान वाटा’ या कल्पनेचा पाया हलतो. कनेक्शन वाढवून वाटा वाढवता येत असेल तर आपण मोजतोय काय? बॉब ब्रिस्को २००७ पासून हेच म्हणत आलेत: प्रवाह मोजू नका, कोणी किती गर्दी केली ते मोजा. दुसऱ्या बाजूने असंही म्हणता येतं की व्हर्जिनियाचं पाकीट वाटेत जास्त लिंका वापरतं, मग त्याला कमी मिळालं तर तो अन्याय कसा? फ्रँक केली यांच्या १९९८ च्या मांडणीत लांबच्या प्रवाहाला कमी मिळणं हीच योग्य वाटणी ठरते.

निशाचर_मिरज

केलींच्या मांडणीत जास्त *गर्दीच्या* लिंका वापरणाऱ्याला कमी मिळतं, जास्त किलोमीटर जाणाऱ्याला नव्हे. इथे गर्दीची लिंक एकच आहे, ऑफिसची, आणि ती दोघंही एकदाच वापरतात. समुद्राखालची केबल रिकामी असेल तर तिची लांबी हा गुन्हा का मानायचा? त्या हिशेबाने इथे निम्मं-निम्मं हेच उत्तर येतं.

अनुराधा_प

या उदाहरणापुरतं बरोबर. पण मधल्या केबल कायम रिकाम्या असतात हे ऑफिसात बसून कसं ठरवणार?

रमा_डोंबिवली

तुमचं चालू द्या. पण सह्यकडांनी उपाय विचारला होता, पन्नास प्रतिसादांचं शतक करायच्या आत कुणीतरी सांगा.

पाकीटमार

उपाय पाठवणाऱ्याकडे नाही, रांगेत आहे. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग आणि आळीपाळीने पाकीट, की कोणाची विंडो किती जलद वाढते याला महत्त्व उरत नाही. मुंबईवाला जास्त टाकेल तर स्वतःचीच रांग भरून स्वतःचंच पाकीट पाडून घेईल, व्हर्जिनियावाल्याची पडझड आता त्याच्या घड्याळाने होणार नाही. `fq_codel` आणि `cake` दोन्ही हेच करतात. अपलोड आहे हे नशीब, कारण रांग आपल्या दारात आहे.

```
tc qdisc replace dev eth0 root cake bandwidth 46mbit oceanic
```

आकडा खऱ्या वेगापेक्षा कमी हवा, नाहीतर रांग केककडे साचणार नाही, पुढे कंपनीच्या उपकरणात साचेल आणि तिथे जुनंच राज्य. `eth0` हा बाहेर जाणारा पोर्ट. गणपुलेंच्या दहा कनेक्शनवाल्यांना आवर घालायचा असेल तर `dual-srchost nat` जोडा, मग वाटणी आधी मशिनमागे होते आणि नंतर प्रवाहामागे. तुमची दोन अपलोड वेगवेगळ्या मशिनांवर आहेत, तेव्हा तेही चालेल.

`oceanic` का, तर केक डीफॉल्टने १०० मिलिसेकंदांचा आरटीटी धरतं आणि २०० वाल्याची रांग जरा घाईने कापतं. हा शब्द ती मर्यादा ३०० वर नेतो.

कोकण_राउटर

यात एक पुस्ती. बरोबर निम्मं मिळेल अशी आशा ठेवू नका. २४ एमबीपीएस आणि २०० मिलिसेकंद म्हणजे ४०० पाकिटांची विंडो. एक पाकीट पडलं तर क्यूबिक २८० वर येतं आणि परत ४०० गाठायला पावणेसात सेकंद घेतं. रांगेतला साठा संपला की त्या मधल्या काळात त्याची पाळी रिकामी जाते आणि ती मुंबईवाला उचलतो. रेनो असता तर निम्म्यावरून वर यायला २०० फेऱ्या, ४० सेकंद. वेगळी रांग हक्क देते, तो वापरायला विंडो ज्याची त्यानेच वाढवायची. म्हणून मुंबई थोडी पुढेच दिसेल, पण दहापट नाही.

निशाचर_मिरज

घरी करून बघायला नेटवर्क नेमस्पेस पुरतात: दोन पाठवणारे, मध्ये राउटर, एक घेणारा. नेमस्पेसला `r`, पोर्टना `rc`, `ra`, `rb` अशी नावं धरली आहेत.

```
tc -n r qdisc add dev rc root tbf rate 48mbit burst 16k limit 60k
tc -n r qdisc add dev ra root netem delay 20ms limit 10000
tc -n r qdisc add dev rb root netem delay 200ms limit 10000
```

विलंब राउटरवर, परतीच्या पोचपावत्यांच्या वाटेवर टाकलाय. पाठवणाऱ्याच्याच मशिनवर `netem` लावलं तर कर्नल ती पाकिटं आपल्याच रांगेत अडकलेली समजून प्रवाहाला आवरतं आणि आकडे खोटे येतात. `netem` ची मूळ मर्यादा १००० पाकिटांची आहे, विलंब डेटाच्या वाटेवर टाकून वेग वाढवला तर तिथेच पाकिटं पडतात आणि आपण बिचाऱ्या `tbf` ला दोष देतो. पोर्टवरचं टीएसओ आणि जीएसओ `ethtool -K` ने बंद करा. `iperf3` चा एक सर्व्हर एका वेळी एकच चाचणी घेतो, म्हणून दोन पोर्टवर दोन सर्व्हर. आणि `tcp_no_metrics_save` १ करा, नाहीतर मागच्या फेरीची आठवण पुढच्या फेरीत येते.

`limit 60k` म्हणजे दहा मिलिसेकंदांची रांग. तो `1200000` केला की कोकण_राउटर म्हणतात ती २०० मिलिसेकंदांची रांग तयार. किमान पाच मिनिटं चालवा, व्हर्जिनियावाल्याच्या दृष्टीने एक मिनिट काहीच नाही.

सह्यकडा

सर्वांचे आभार. एकच अडचण, राउटर कंपनीचा आहे आणि त्यात `tc` वगैरे काही चालवू देत नाहीत.

कोकण_राउटर

त्याच्या आणि तुमच्या स्विचच्या मध्ये दोन पोर्टांचं एक लिनक्स मशीन ब्रिज म्हणून ठेवा, केक त्यावर, राउटरकडच्या पोर्टला. ५० एमबीपीएसला अगदी साधं हार्डवेअर पुरतं. ब्रिज असल्यामुळे `nat` लिहायची गरज नाही, पत्ते अजून बदललेले नसतात. फक्त ऑफिसची झाडून सगळी रहदारी त्यातूनच गेली पाहिजे. वायफाय राउटरलाच परस्पर जोडलेलं असेल तर त्या बाजूने येणारा माल केकला दिसणार नाही.

सह्यकडा

वायफाय राउटरमध्येच आहे.

कोकण_राउटर

मग आधी ते बंद करून वेगळा ॲक्सेस पॉइंट स्विचमागे लावा.

चिंतातुर

या केकने गेमचा पिंग कमी होतो का? मोबाइलवर खेळतो मी.